ज्युनिअरसोबतचं दर गुरुवारचं वन-ऑन-वन सेशन हलवायचंय. मेसेज कसा लिहू?

वेताळटेकडी | शुक्रवार, रात्री १०:२०

माझ्या टीममध्ये एक मुलगी आहे, दीड वर्षापूर्वी कॉलेजमधून थेट आलेली. गेले दहा महिने दर गुरुवारी संध्याकाळी ७ ते ७:४५ आम्ही दोघं बसतो. तिचं काम, अडलेल्या गोष्टी, एखादं नवं तंत्र, असं काहीही त्यात येतं. माझ्या आठवड्यातलं हे मला सगळ्यात आवडणारं काम आहे, म्हणून इथे विचारतोय.

अडचण अशी. आमचा क्लायंट न्यू जर्सीचा. त्यांचा गुरुवारचा कॉल त्यांच्या सकाळी ८:३० ला, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी ६ ला असतो आणि पावणेसातला संपतो. येत्या रविवारी, नोव्हेंबरचा पहिला रविवार, अमेरिकेत घड्याळं एक तास मागे जातात. त्यांचे ८:३० तसेच राहतात, आपले ६ चे ७ होतात. म्हणजे पुढच्या गुरुवारपासून तो कॉल बरोबर आमच्या वेळेवर येतो, आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत तसाच राहणार.

एवढा विचार करण्याचं कारण ऑगस्टमध्ये घडलं. तेव्हा मी सहा वाजून चाळीस मिनिटांनी तिला लिहिलं होतं, "आज नाही जमणार, पुढच्या आठवड्यात बोलू." एवढंच. चौदा दिवस आम्ही बसलो नाही. एक स्क्रीन हळू चालत होती म्हणून तिने त्या काळात एका टेबलवर चार इंडेक्स टाकले. स्क्रीन थोडी सुधारली, पण रोज रात्री त्या टेबलमध्ये डेटा भरणारं काम मंदावलं आणि रिव्ह्यूमध्ये तिला सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं. "मला का नाही विचारलंस?" असं मी म्हटल्यावर तिचं उत्तर होतं, "सर, तुम्ही बिझी होता ना." ते वाक्य अजून डोक्यातून गेलेलं नाही.

आता लिहिलेला मसुदा हा:

"हाय, पुढच्या आठवड्यापासून गुरुवार ७ जमणार नाही, क्लायंट कॉल आलाय. दुसरी वेळ ठरवू, तुला कधी चालेल सांग. बाकी तुझं काम छान चाललंय, असंच चालू ठेव. तोपर्यंत त्या क्लीन-अपच्या DELETE वर पण EXPLAIN ANALYZE करून बघ."

वाचून काहीतरी कमी वाटतंय. काय ते कळत नाही.

तळ्यातमळ्यात | शुक्रवार, रात्री १०:४१

एवढा विचार कशाला? कॅलेंडरमध्ये उचलून दुसऱ्या दिवशी टाका, तिला नोटिफिकेशन जाईल. मेसेज लिहायला घेतला की साधी गोष्ट उगाच मोठी होते. मी कायम असंच करतो, कधी कोणाची तक्रार आली नाही.

भोसरीकर | शुक्रवार, रात्री १०:५५

गुरुवारी मीटिंग? आमच्याकडे गुरुवारी कंपनीच बंद असते! तुमच्या आयटीला गुरुवारची सुट्टी नाही वाटतं. आमच्या भागात तर गुरुवारी वीजही बऱ्याचदा दुरुस्तीसाठी जाते. तुम्ही सरळ शुक्रवार धरा.

अनुस्वार | शुक्रवार, रात्री ११:१२

@तळ्यातमळ्यात, तक्रार येणारच नाही. मी दोन वर्षांपूर्वी लागले, त्यामुळे अजून तुमच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला आहे. सर, मॅडम वेळ हलवतात तेव्हा आम्ही एकच लिहितो, "हो सर, चालेल." ते खरंच चालतं म्हणून लिहिलेलं नसतं, दुसरं काय लिहायचं ते माहीत नसतं.

वेताळटेकडी, एक विचारू? संध्याकाळी ७ ही वेळ कोणी ठरवली होती? ती घरी कशी जाते?

वेताळटेकडी | शुक्रवार, रात्री ११:२०

वेळ मीच ठरवली. तेव्हा माझा ६ चा कॉल संपला की लगेच बसता यायचं. ती हिंजवडीहून कंपनीच्या बसने जाते, राहते हडपसरला. बस किती वाजता सुटते ते मी कधी विचारलेलं नाही.

अनुस्वार | शुक्रवार, रात्री ११:३४

आमच्याकडे त्या बाजूची शेवटची बस ६:३० ला आहे. तुमच्याकडेही तसंच काही असेल, तर दहा महिने दर गुरुवारी ती बस सोडून तुमच्यासाठी थांबते आणि नंतर पीएमपी किंवा रिक्षा बघत हिंजवडी ते हडपसर जाते. आणि ऑगस्टमध्ये तुमचा मेसेज ६:४० ला आला, म्हणजे बस गेल्यावर. ती चिडली नसेल. पण तिच्या त्या दिवसाचं काय झालं ते तुमच्या मेसेजमध्ये कुठेच नव्हतं.

तुम्हाला वाईट वाटावं म्हणून हे लिहीत नाहीये. वेळ बदलायचीच आहे, तर या निमित्ताने तिच्या सोयीचीही होऊ शकते.

वेताळटेकडी | शुक्रवार, रात्री ११:४०

हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. खरंच धन्यवाद. उद्या बसचं वेळापत्रक बघतो.

मुळामुठा | शनिवार, सकाळी ७:०५

अठरा वर्षं या क्षेत्रात आहे, गेली दहा वर्षं कायम दोन-तीन जणांना धरून शिकवते. सगळ्यात आधी एक तातडीचं. मसुद्यातलं शेवटचं वाक्य कृपया पाठवू नका. तुम्ही पोस्टग्रेसच वापरत असणार असं धरून सांगते. नुसता `EXPLAIN` क्वेरी चालवत नाही, योजना दाखवतो. `EXPLAIN ANALYZE` मात्र क्वेरी खरोखर चालवतो. SELECT वर त्याने काही बिघडत नाही, DELETE वर ओळी खरंच जातात. तुम्हाला हे माहीत आहे, तिला कदाचित नसेल, आणि ज्या आठवड्यात तुम्ही भेटणार नाही त्या आठवड्यासाठी तुम्ही हे काम देताय. करायचंच असेल तर असं:

```sql
BEGIN;
EXPLAIN ANALYZE DELETE FROM ...;
ROLLBACK;
```

तेही स्टेजिंगवर, आणि पहिल्यांदा तुम्ही शेजारी बसून.

आता मेसेजबद्दल. काय कमी वाटतंय ते सांगते. तुमच्या मसुद्यात जुनी वेळ गेली, नवी आली नाही. "दुसरी वेळ ठरवू" म्हणजे तिच्या हातात सध्या काहीच नाही. ज्युनिअर माणूस ही मोकळी जागा नेहमी स्वतःच्या विरुद्ध वाचतो. "वेळ गेली" चं "सरांना आता माझ्यासाठी वेळ नाही" व्हायला एक रात्र पुरते. ऑगस्टमध्ये नेमकं तेच झालं. तिने चुकीचे इंडेक्स टाकले त्याचं मूळ तिच्या अज्ञानात कमी होतं, पुढची भेट कधी हे तिला माहीत नव्हतं यात जास्त. गुरुवारी आपण बसणार आहोत हे माहीत असतं तर तिने दोन दिवस वाट पाहिली असती. "पुढच्या आठवड्यात" म्हटल्यावर कोणी वाट पाहत नाही.

म्हणून जुनी वेळ काढताना नवी वेळ त्याच वाक्यात, वार आणि तासासकट.

जुना_वाडा | शनिवार, सकाळी ८:३०

'सेशन' हा शब्द वाचून मला आधी कोर्टाचं काही आहे असं वाटलं, मग पूर्ण वाचलं. मी निवृत्त माणूस, संगणकातलं काही कळत नाही. पण मुळामुठा यांचं वाचून माझे तबल्याचे दिवस आठवले.

सत्तरच्या दशकात मी पेठेत गुरुजींकडे जायचो, मंगळवार आणि शनिवार. घरी फोन नव्हता. गुरुजींना बाहेरगावी बैठकीला जायचं असलं की वाड्याच्या दाराशी पाटी अडकवलेली असायची, त्यावर खडूने लिहिलेलं. एक अजून पाठ आहे: "शनिवार नाही. सोमवारी सकाळी ये. तोवर धा धा तिटचा कायदा फक्त ठाय लयीत. पलटे नकोत." एवढंच. त्यात माझी स्तुती नव्हती, विचारपूसही नव्हती. पण घरी जाताना मला काय करायचं ते पक्कं माहीत असायचं, आणि त्याहून जास्त, काय करायचं नाही ते. दुगुनीत जायचा मोह प्रत्येक पोराला होतो. एकट्याने दुगुन केली की 'तिट'चं बोट चुकीच्या जागी बसतं आणि मग ते काढायला महिने जातात. पलटे म्हणजे तेच बोल उलटसुलट फिरवून वाजवणं. पलटे नकोत, याचा अर्थ पलटे मी समोर बसून देणार, असा होता. ते दोन शब्द मला पुरायचे.

कर्वेरोड | शनिवार, सकाळी ८:४४

जुना_वाडा, "पलटे नकोत" म्हणजे आमच्या भाषेत "इंडेक्स नकोत" 🙂

भोसरीकर | शनिवार, सकाळी ९:१०

काल मी घाईत काहीतरी लिहिलं, प्रश्न नीट वाचला नव्हता. आता वाचला.

मी टूलरूमला आहे. आयटीआयची पोरं अप्रेंटिस म्हणून येतात, त्यातला एक माझ्याकडे असतो. आमचा नियम असा, मी नसेन त्या दिवशी पोराला कटिंग द्यायचं नाही, मोजणी द्यायची. वीस पीस ठेवतो, मायक्रोमीटर देतो, सांगतो प्रत्येकाचा व्यास तीन ठिकाणी मोज आणि वहीत लिही. त्यात तो चुकला तर आकडा चुकेल, पीस जाणार नाही आणि बोटही जाणार नाही. मी आलो की पहिली पाच मिनिटं त्याची वही. कोणत्या पीसवर तो अडखळला ते आकड्यांवरून लगेच दिसतं. एकाच पीसच्या तीन आकड्यांत जास्त फरक असला तर दोन गोष्टी असू शकतात, पीस टेपर आहे किंवा पोराने रॅचेट न वापरता हाताने आवळलंय. तिथूनच पुढचा धडा निघतो.

तुमच्या कामात मोजणी कोणती ते तुम्हालाच ठाऊक.

मुळामुठा | शनिवार, सकाळी ९:३२

भोसरीकर, मी तीन परिच्छेदांत लिहिलं असतं ते तुम्ही एका वहीत सांगितलंत. वेताळटेकडी, तुमच्या कामात मोजणी म्हणजे क्वेरी बदलू नको, फक्त चालवून तिचा निकाल जपून ठेव. परवा गुरुवारी तुम्ही नेमकं काय पाहत होतात ते सांगा ना.

वेताळटेकडी | शनिवार, सकाळी १०:१५

उशिरा पोहोचणाऱ्या मालाची यादी दाखवणारी एक स्क्रीन आहे, ती उघडायला चाळीस सेकंद लागतात. क्वेरीवर `EXPLAIN ANALYZE` चालवलं. मी खालच्या एकूण वेळेकडे बघत होतो. ती म्हणाली, "सर, इथे अंदाज `rows=1` आहे आणि प्रत्यक्षात अठ्ठेचाळीस हजार आल्यात." डेटाबेसला वाटत होतं एकच ओळ येईल, म्हणून त्याने नेस्टेड लूप निवडला आणि आतला भाग अठ्ठेचाळीस हजार वेळा फिरवला. मुळात दुखणं तिथेच होतं. ते तिने पकडलं, मी नाही.

माझा संशय असा की आदल्या रात्री त्या टेबलमध्ये मोठा डेटा भरला गेला आणि त्याची आकडेवारी ताजी झालेली नव्हती. वेळ संपली, तिथेच थांबलो.

मुळामुठा | शनिवार, सकाळी १०:२८

आणि मेसेजमध्ये तुम्ही लिहिलंत "छान चाललंय, असंच चालू ठेव"! अहो, हे लिहा ना जे आत्ता आम्हाला सांगितलंत. "छान चाललंय" कोणालाही पाठवता येतं. "अंदाज १ आणि प्रत्यक्ष अठ्ठेचाळीस हजार हा फरक तू माझ्या आधी पाहिलास" हे फक्त तिलाच पाठवता येतं. आणि पुढचं काम आपोआप तिथूनच निघतं: स्टेजिंगवर त्या टेबलवर `ANALYZE` चालव, त्याने आकडेवारी ताजी होते, मग तीच क्वेरी पुन्हा चालव, दोन्ही निकाल शेजारी शेजारी ठेव. अंदाज सुधारला आणि लूप गेला तर तुमचा संशय खरा. अंदाज १ च राहिला तर कारण दुसरं, कदाचित दोन अटी एकमेकींवर अवलंबून असतील आणि डेटाबेस त्या स्वतंत्र धरत असेल. दोन्हीपैकी काहीही झालं तरी पुढच्या भेटीला बोलायला विषय तयार.

एक मात्र बघा. स्टेजिंगवर प्रॉडक्शनइतका डेटा नसेल तर हा आजार तिथे दिसणारच नाही आणि ती बिचारी स्वतःचंच काही चुकलं असं समजेल. ते आधी तपासा.

पीएचडी_चालू | शनिवार, दुपारी १२:५०

माझं वेगळं आहे पण सांगतो. माझे गाइड भेट हलवतात तेव्हा मेल अतिशय प्रेमळ असतो. "तुझ्या कामाची मला फार उत्सुकता आहे, लवकरच निवांत बसू." या सत्रात असे चार मेल आले. पहिल्यावर मला खरंच आनंद झाला होता. चौथा मी उघडलाच नाही. तिसरा धडा कधीपासून तसाच पडलाय आणि आता तो उघडायचीही भीती वाटते, कारण इतके दिवस काय केलं याचं उत्तर माझ्याकडे नाही. त्यामुळे वेताळटेकडी, मेसेज कितीही चांगला लिहा, दोनदा तीनदा पाठवलात की त्याचा उपयोग संपतो.

अनुस्वार | शनिवार, दुपारी १:२०

@पीएचडी_चालू, तिसऱ्या धड्याची आत्ता आहेत तेवढी पानं, अर्धवट असली तरी, पाठवून द्या आणि खाली एकच प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर त्यांना दोन ओळींत देता येईल. भेटीची वाट बघू नका. माझ्या मैत्रिणीची अडलेली गाडी अशीच पुढे सरकली होती.

तळ्यातमळ्यात | शनिवार, दुपारी २:०५

ठीक आहे, मेसेज हवा हे मान्य. माझ्या टीममधल्या एकाला आत्ता फोन करून विचारलं. तो म्हणाला, "दादा, तुमचं नोटिफिकेशन आलं की मला वाटायचं माझ्यावर काहीतरी नाराज आहात." तीन वर्षांत हे मला पहिल्यांदा कळलं.

पण एका मुद्द्यावर मी ठाम आहे. कारण सांगू नये. "क्लायंट कॉल आला" म्हटलं की ती ऐकते "क्लायंट तुझ्यापेक्षा मोठा".

मुळामुठा | शनिवार, दुपारी २:४०

अर्धं पटलं. "क्लायंट कॉल आला" हे नुसतं वाईटच. पण कारणच नसेल तर ती स्वतः कारण तयार करेल, आणि ते नेहमी तिच्याबद्दलचं असेल, तुमच्या त्या मुलाने केलं तसं. इथे तर खरं कारण इतकं निरुपद्रवी आहे! अमेरिकेतली घड्याळं बदलतात. कोणी कोणाला निवडलेलं नाही. एका वाक्यात सांगायचं आणि पुढे जायचं.

आणि किती दिवस ते सांगायलाच हवं. एका आठवड्यापुरतं हलवणं आणि चार महिन्यांसाठी हलवणं हे दोन वेगळे मेसेज आहेत. मार्चपर्यंत असं कळलं की ती तिचा आठवडा त्याप्रमाणे लावून घेऊ शकते.

कर्वेरोड | शनिवार, दुपारी ३:१०

कॅलेंडरचं मी सांगतो, कारण यात मी पोळलोय. गुगलवर दर आठवड्याची मीटिंग हलवली की तीन पर्याय येतात: `This event`, `This and following events`, `All events`. पहिला घेतला तर फक्त एक गुरुवार हलतो आणि त्याच्या पुढच्या गुरुवारी पुन्हा दोन्ही मीटिंग ७ वाजता एकमेकींवर धडकतात. तिसरा घेतला तर मागचे गुरुवारही हलतात. दहा महिन्यांची टिपणं त्या त्या तारखेला लावलेली असतील तर गोंधळ होतो. मधला घ्या.

आणि जुनी मालिका पुसून नवी करू नका. तिला आधी `Canceled event` असा मेल जातो. रात्री घरी, जेवताना, फोनवर तेवढीच ओळ दिसते. आधी मेसेज, तिचं उत्तर येऊ द्या, मग कॅलेंडर.

वेताळटेकडी | शनिवार, दुपारी ३:२५

म्हणजे ही टक्कर मला आधीच दिसायला हवी होती. आत्ता नोव्हेंबरचा आठवडा उघडला तर दोन्ही चौकोन एकावर एक बसलेत. क्लायंटची मीटिंग त्यांच्या टाइमझोनमध्ये बनवलेली आहे म्हणून ती स्वतःच सरकली, आमची भारतीय वेळेत आहे म्हणून जागेवर राहिली. आणि हे तिलाही दिसत असणार, कारण माझं कॅलेंडर टीममध्ये सगळ्यांना दिसतं! तिने कदाचित आधीच पाहिलं असेल आणि गप्प बसली असेल.

अनुस्वार | शनिवार, दुपारी ३:३१

नक्की पाहिलं असेल. तुमच्या मेसेजची वाट बघत असेल. आज पाठवा.

मुळामुठा | शनिवार, दुपारी ३:४४

आज पाठवा, पण "तुला कधी चालेल सांग" असं विचारू नका. ती तुमचं कॅलेंडर उघडेल, रिकामा एक तास शोधून देईल आणि स्वतःची गैरसोय गिळेल. दोन वेळा तुम्ही द्या, दोन्ही बसच्या वेळेआधीच्या, आणि निवड तिची. शिवाय "सोमवारपर्यंत काही कळवलं नाहीस तर पहिली धरतो" असं लिहा, म्हणजे ती गप्प राहिली तरी भेट हवेत राहत नाही.

अनुस्वार | शनिवार, दुपारी ४:०२

मुळामुठा ताई, शेवटचं पटलं नाही. "कळवलं नाहीस तर" वाचलं की मी कळवणारच नाही, कारण गप्प राहणं सोपं असतं. मग निवड दिली आणि न दिली सारखंच. मला सरांनी सोमवारी समोर येऊन विचारलेलं जास्त आवडेल.

मुळामुठा | शनिवार, दुपारी ४:१५

सोमवारी सर दुसऱ्या मीटिंगमध्ये अडकले तर? मी असे सोमवार पाहिलेत. अनुभवाने सांगते, भेट हवेत राहण्यापेक्षा गप्प राहून ठरलेली बरी. पण तू त्या बाजूला आहेस, तुला जे वाटतं त्याला वजन आहे. वेताळटेकडी ठरवतील.

जुना_वाडा | शनिवार, सायंकाळी ५:००

आमच्या पाटीवर पर्याय नसायचा बुवा. सोमवारी सकाळी ये म्हणजे ये. एकदा सोमवारी माझी परीक्षा होती, मी गेलो नाही आणि सांगितलंही नाही. गुरुजी तासभर तबला लावून बसले होते म्हणे. मला ते महिन्याने गुरुमाईंकडून कळलं. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

वेताळटेकडी | शनिवार, सायंकाळी ६:५०

पाठवला. बस तपासली, शेवटची खरंच ६:३० ची आहे. स्टेजिंगवर परवाचीच प्रॉडक्शनची प्रत आहे, तिथे स्क्रीन तितकीच हळू चालते आणि अंदाज तसाच चुकतो, तेही पाहून घेतलं. मेसेज असा गेला:

"अगं, अमेरिकेतली घड्याळं उद्या बदलतात, त्यामुळे क्लायंटचा कॉल पुढच्या गुरुवारपासून आपल्या ७ वर येतोय, मार्चपर्यंत. आपलं बसणं दर आठवड्याला चालूच आहे, फक्त वेळ बदलू. बुधवारी सकाळी १०:३० की गुरुवारी दुपारी ४? दोन्हीला तुझी बस चुकणार नाही. हे मी दहा महिन्यांपूर्वीच विचारायला हवं होतं. सोमवारी जेवणानंतर तुझ्या जागेवर येतो, तेव्हा सांग.

परवा अंदाज १ आणि प्रत्यक्ष अठ्ठेचाळीस हजार हा फरक तू माझ्या आधी पाहिलास. मी चुकीच्या ओळीकडे बघत होतो. आता तिथूनच पुढे: स्टेजिंगवर त्या टेबलवर `ANALYZE` चालव, मग तीच क्वेरी पुन्हा, आणि दोन्ही निकाल एका फाइलमध्ये शेजारी ठेव. इंडेक्स अजून नको, DELETE ला हात नको, ते दोन्ही आपण बसून करू. मधे अडलीस तर थांबू नकोस, मला लिही. उत्तराला उशीर झाला तरी त्याच दिवशी देईन."

मुळामुठा, अनुस्वारचं ऐकलं. पण सोमवारी माझ्या कॅलेंडरमध्ये पावणेदोन ते दोन अडवून ठेवलंय.

तळ्यातमळ्यात | शनिवार, सायंकाळी ७:०४

"उत्तराला उशीर झाला तरी त्याच दिवशी" हे पाळावं लागेल बरं का. मी असं लिहून दोनदा पाळलं नाही, तेव्हापासून लिहीतच नाही.

भोसरीकर | शनिवार, सायंकाळी ७:३०

पोरीचं काय उत्तर आलं?

वेताळटेकडी | सोमवार, दुपारी २:३५

आत्ता तिच्या जागेवरून आलो. शनिवारी रात्री फक्त "हो सर, चालेल" आलं होतं, अगदी अनुस्वारने सांगितलं तसं. आज समोर विचारल्यावर थोडी थांबली आणि म्हणाली, "सर, बुधवार सकाळ बरी. गुरुवारी चार वाजता मला झोप येते." आणि लगेच फाइल उघडली. `ANALYZE` नंतर अंदाज १ वरून शेहेचाळीस हजारांवर आला, नेस्टेड लूप जाऊन हॅश जॉइन आला, चाळीस सेकंदांचे सहा झाले. पण ती त्यावर थांबली नव्हती. खाली लिहिलं होतं: "पुढच्या वेळी रात्री डेटा भरला की पुन्हा तसंच होणार का? मग `ANALYZE` कोणी चालवायचं?"

बुधवारी साडेदहाला तिथून सुरुवात. कॅलेंडर तिच्यासमोरच बदललं, मधला पर्याय घेऊन.

कर्वेरोड | सोमवार, दुपारी २:५०

डेटा भरणाऱ्या स्क्रिप्टच्या शेवटी एक ओळ टाकता येते. पण तिला सांगू नका, तीच बुधवारी सांगेल.

पीएचडी_चालू | सोमवार, संध्याकाळी ६:१५

अनुस्वार, तिसऱ्या धड्याची अकरा पानं पाठवली. खाली एकच प्रश्न.